वय 40, कमाई 10,000: सगळी उत्तरं गोल आकड्यांवर साचली आहेत. नेमका आकडा विचारावा की गट द्यावेत?

ओंजळ
नमस्कार मंडळी. आमची नागपुरात छोटी संस्था आहे, घरकाम करणाऱ्या बायांसोबत काम करतो. दिवाळीनंतर दक्षिण नागपुरातल्या तीन वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. 412 जणींच्या मुलाखती झाल्या. चार मुलींनी मोबाईलवर फॉर्म भरले. वय आणि महिन्याची कमाई, दोन्ही सरळ आकड्यात विचारलं होतं.

आता तक्ता उघडला तर असं दिसतंय: 39 वर्षांच्या 4 बाया, 40 वर्षांच्या 31 आणि 41 वर्षांच्या 2. तेच 35 ला, तेच 45 ला. कमाईचंही तसंच. 8,000, 10,000, 12,000, 15,000 इथे गर्दी, 9,000 सांगणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि 9,500 कोणीच नाही.

ज्यांच्याकडून निधी येतो त्यांचं म्हणणं, "आकडे खोटे वाटतात, पुढच्या वर्षी गट द्या." त्यांनी सुचवलेले गट: कमाई 5,000 पर्यंत, 5,000 ते 10,000, 10,000 ते 15,000, त्याच्या वर. वय 18 ते 30, 30 ते 40, 40 ते 50, पुढे.

पुढच्या दिवाळीनंतर याच बायांकडे परत जायचंय. वर्षभरात कमाई वाढली का, हे दाखवायचंय. गट करावेत का?

टेकडी_रोड
बिनधास्त गट करा. मी बाजार-पाहणीत बरीच वर्षं काढली आहेत. पगार आकड्यात विचारला की माणूस आखडतो, एक तर टाळतो नाहीतर थापा मारतो. गट दिला की पटकन बोट ठेवतो. आणि गट केला की ढीग आपोआप गायब होतात, कारण 40 सांगितलं काय नि 41 सांगितलं काय, दोन्ही एकाच खान्यात पडतात.

काटोलकर
मले एक सांगा जी, तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला काढाले गेलो तर तिथंबी आकडाच टाका लागते. संत्र्याचं उत्पन्न कसं सांगाव माणसानं? अंबिया बहार एका वर्षी झाडावरच विकला, व्यापाऱ्यानं बगिचा पाहून ठोक भाव केला. पुढच्या वर्षी गळ झाली, हातात काहीच नाही. मुलाच्या नॉन-क्रिमिलेयरसाठी पाहिजे आहे. तिथं गट असते का?

मोजणीदार
काटोलकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण त्यातली एक गोष्ट या धाग्याला लागू आहे. तिच्याकडे नंतर येतो.

ओंजळताई, आधी एक फरक लक्षात घ्या. वयाचा ढीग आणि कमाईचा ढीग दिसायला सारखे, पण जात वेगळी. कोणत्याही वस्तीत 40 वर्षांच्या बाया 39 आणि 41 च्या आठ-दहा पट असू शकत नाहीत, कारण माणसं काही दर पाच वर्षांनी एकदम जन्माला येत नाहीत. म्हणजे वयाचा ढीग ही नक्की चूक. पगार मात्र खरोखरच गोल असतात. एखादी बाई एकाच घरी दिवसभर असेल आणि तिथे 10,000 ठरले असतील, तर तिचं 10,000 हे बिनचूक उत्तर आहे. त्यामुळे कमाईतला प्रत्येक ढीग खोटा, असं निधीवाल्यांना वाटत असेल तर ते बरोबर नाही.

आता गटांबद्दल. टेकडी_रोड म्हणतात तसा ढीग गायब होत नाही, तो झाकला जातो. आणि गटाची कड नेमकी ढिगावर आली तर झाकलेलाच बरा म्हणायची वेळ येते. तुमच्याकडे 10,000 च्या खाली किती, बरोबर 10,000 वर किती आणि वर किती, एवढं मोजून सांगाल का?

ओंजळ
कमाई 400 जणींनी सांगितली, 12 जणींनी नाही. 10,000 पेक्षा कमी: 212. बरोबर 10,000: 84. जास्त: 104.

मोजणीदार
मग हे बघा. अहवालात "महिना 10,000 पेक्षा कमी कमावणाऱ्या" लिहिलंत तर 400 पैकी 212, म्हणजे 53 टक्के. "10,000 पर्यंत" लिहिलंत तर 296, म्हणजे 74 टक्के. बाया त्याच, उत्तरं तीच, फक्त "पेक्षा कमी"च्या जागी "पर्यंत" आलं आणि 21 टक्के इकडचे तिकडे झाले.

निधीवाल्यांचे गट तर "5,000 ते 10,000" आणि "10,000 ते 15,000" असे आहेत. दहा सांगणारीला कुठे टाकायचं हे फॉर्म भरणारी मुलगी ठरवणार. एक खालच्या खान्यात टाकेल, दुसरी वरच्या. पुढच्या वर्षी मुली बदलल्या की तुम्हाला "कमाई वाढली" असं दिसेल आणि प्रत्यक्षात कोणाचा रुपयाही वाढलेला नसेल. आज निदान आकडा हातात आहे म्हणून हे कळतंय. गटात विचारलं असतं तर हे 84 जण कुठे गेले ते कधीच कळलं नसतं. आकड्याचा गट केव्हाही करता येतो, गटाचा आकडा करता येत नाही.

वयासाठी एक जुनी चाचणी आहे, व्हिपलचा निर्देशांक. 23 ते 62 वयाची सगळी माणसं घ्यायची आणि त्यात 25, 30, 35 असं करत 60 पर्यंतच्या आठ वयांवर किती आहेत ते बघायचं. नीट सांगितलेल्या वयांत पाचातला एक तिथे असतो. तेव्हा निर्देशांक 100. सगळेच 0 किंवा 5 वर आले तर 500. संयुक्त राष्ट्रांच्या पट्टीत 105 च्या आत म्हणजे फार चांगलं, 125 ते 175 म्हणजे ढोबळ आणि 175 च्या वर म्हणजे अगदीच ढोबळ. 23 ते 62 हे विचित्र वाटतं, पण त्यात मेख आहे: 23 ते 27 च्या मधोमध 25 येतं, 28 ते 32 च्या मधोमध 30, असे आठ सारखे तुकडे पडतात.

वय B रकान्यात असेल तर हे चिकटवा:

```
=500*SUMPRODUCT((B2:B413>=23)*(B2:B413<=62)*(MOD(B2:B413,5)=0))/COUNTIFS(B2:B413,">=23",B2:B413,"<=62")
```

रिकामे खाने चालतील, पण कुठे "माहीत नाही" असं अक्षरात लिहिलं असेल तर चूक दाखवेल. ते आधी काढा.

ओंजळ
205.6 आलं. 23 ते 62 मध्ये 360 बाया, त्यातल्या 148 त्या आठ वयांवर. पाचातला एक म्हणजे 72 हव्या होत्या, दुपटीपेक्षा जास्त आहेत.

निवृत्त_गुरुजी
मी शिक्षक होतो, त्यामुळे जनगणनेची ड्युटी ठरलेली. 2011 ला जन्मतारीख आणि पूर्ण झालेलं वय असे दोन्ही रकाने होते. तारीख विचारली की घरातला माणूस म्हणायचा, "गुर्जी, टाका ना अंदाजे." बायकोचं वय नवरा सांगणार, आईचं वय सून सांगणार. जी स्वतः समोर नाही तिचं वय हमखास गोल. म्हणून विचारतो, चारही मुलींचे आकडे वेगवेगळे पाहिलेत का? माझा अनुभव असा, की ढीग सांगणाऱ्याचा थोडा आणि लिहिणाऱ्याचा जास्त.

ओंजळ
गुरुजी, आत्ता वेगळे केले. तिघींचे 88 पैकी 31, 92 पैकी 29, 90 पैकी 27. चौथीचे 90 पैकी 61!! बाकी तिघींचा एकत्र निर्देशांक 161 येतो, हिचा एकटीचा 339.

मुलगी चांगली आहे हो, कामचुकार नाही. विचारलं तर कळलं की तिच्या भागातल्या बाया मनीषनगर, नरेंद्रनगरकडे कामाला जातात आणि संध्याकाळी सातनंतर परततात. ती चारला जायची, तर घरी सासू नाहीतर मोठी मुलगी. त्यांनीच उत्तरं दिली. आमच्या फॉर्मात "उत्तर कोणी दिलं" हा प्रश्नच नाही.

निवृत्त_गुरुजी
तो प्रश्न घाला, पहिलं काम ते. आणि पुढच्या वेळी त्या भागात रात्री आठला किंवा रविवारी सकाळी जा.

वय काढायची आमची जुनी रीत सांगतो. वय विचारायचंच नाही, प्रसंग विचारायचा. एक बाई म्हणाली, वय 40. माहेर विचारलं, तर नरखेडकडचं. मग सहज म्हटलं, मोवाडच्या पुराच्या वेळी तुम्ही केवढ्या होत्या? म्हणाली, "चौथीत होती ना जी, शाळेत लोकं आणून ठेवले होते, शाळाच भरली नाही किती दिवस." मोवाडचा पूर 30 जुलै 1991 चा. जुलैमध्ये चौथीत म्हणजे नऊ-दहा वर्षांची, म्हणजे जन्म 1981 किंवा 82 चा. 2025 मध्ये ती 43-44 ची झाली. चाळीस नव्हे.

नागपूर शहरातल्यांसाठी 23 नोव्हेंबर 1994 चं गोवारी प्रकरण चालतं. तेव्हा लग्न झालं होतं का, लेकरू कडेवर होतं का, असं विचारायचं. वस्तीत म्हाताऱ्या असतील तर 1956 ची धम्मदीक्षा. "आईच्या कडेवर होती" म्हटलं की झालं काम. अशा दहा-बारा प्रसंगांची यादी करून मुलींच्या हातात द्या.

टेकडी_रोड
एवढा उपद्व्याप कशाला? आधार कार्ड मागा, जन्मतारीख टाका, फॉर्म आपोआप वय काढेल. विषय संपला.

निवृत्त_गुरुजी
विषय संपत नाही, दुसरीकडे जातो. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला का असतो, ठाऊक आहे ना? बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, तारीख माहीत नसायची, मास्तर 1 जून लिहून टाकायचे. वर्षही असंच, पहिलीत बसेल असं मागे मोजून. मीही तेच केलं आहे, सगळेच करत.

मोजणीदार
गुरुजींनी 1 जून सांगितला, आधारवर त्याचा भाऊ 1 जानेवारी. नोंदणीच्या वेळी ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांनी वय सांगितलं, यंत्राने त्यावरून वर्ष काढलं आणि तारीख 1 जानेवारी पडली. आता यातली गंमत बघा. एका बाईने 2012 मध्ये "40" सांगितलं. आधारवर 1972 आलं. 2025 मध्ये तुमचा फॉर्म त्यावरून वय काढेल 53. तिच्या शेजारणीने तेव्हा 35 सांगितलं, तिचं आता 48. ढीग तोच आहे, फक्त तेरा वर्षं पुढे सरकून 3 आणि 8 वर संपणाऱ्या वयांवर जाऊन बसला.

व्हिपल फक्त 0 आणि 5 बघतो. त्याला हे दिसणारच नाही, उलट निर्देशांक 100 च्या खालीही येईल आणि तुम्ही म्हणाल, वा, काय स्वच्छ आकडे! म्हणून 100 च्या बरंच खाली काही आलं तर खूश होऊ नका, शेवटचे दहाही अंक वेगवेगळे मोजा. तारखा घेतल्या असतील तर 1 जानेवारी आणि 1 जून किती वेळा आले तेही मोजा. वर्षभरात 365 दिवस, 400 जणींमध्ये एखाद्या तारखेला एक-दोन जणी ठीक. साठ आल्या तर त्या साठ जणींचं वय अंदाजे आहे, असं समजून वेगळी खूण करा.

आणखी एक. नुसतं जन्मवर्ष विचारलं तर लोक 1980, 1985 अशी गोल वर्षंही सांगतात. 2025 मध्ये 1980 चं वय 45 येतं, म्हणजे गोल वर्ष आणि गोल वय एकाच जागी पडतात, चूक कुठून आली ते कळत नाही. पुढच्या वर्षी 2026 आहे. 1980 वाली 46 ची होईल. तेव्हा ढीग 45 वर आहे की 46 वर, यावरून लोक वय गोल करताहेत की वर्ष, ते वेगळं दिसेल.

ओंजळ
आधार मागायला मला तसंही बरं वाटत नाही. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं होतं, "ताई, लाडक्या बहिणीचं बंद तर नाही ना होणार?" कार्ड मागितलं तर अर्ध्या दारं लावून घेतील.

मग वयाचे गट? 18 ते 30, 30 ते 40 वगैरे?

मोजणीदार
विचारताना नको, नंतर करायचे. आणि करताना 30 दोन्हीकडे नको. जनगणनेशी तुलना करायची तर 30 ते 34, 35 ते 39 हेच घ्यावे लागतील. त्यात तोटा एवढाच, की 40 ते 44 च्या डाव्या टोकाला ढीग बसतो, आणि खरं वय 38-39 असलेल्या बायाही उडी मारून या गटात येतात. तुलना करायची नसेल, फक्त आपल्यापुरतं बघायचं असेल, तर 38 ते 42, 43 ते 47 असे गट करा. 40 सांगणारी बाई खरं तर 38 ची असो की 42 ची, राहते त्याच गटात.

नागनदी
मी एका संघटनेत काम करते, घरकामगार बायांचीच. कमाईबद्दल थोडं माझं. "महिन्याला किती मिळतात?" हा प्रश्नच त्यांच्या हिशेबात बसत नाही. त्यांचा हिशेब घराघराचा असतो.

परवाचीच एक सांगते. विचारलं तर म्हणाली, "पडतात दहाक हजार." मग एकेक घर विचारलं. पहिल्या घरी भांडी आणि झाडू-फरशी, 2,200. दुसऱ्या घरी नुसती भांडी, 1,800. तिसरीकडे पोळ्या, 2,500. चौथीकडे एक आजी आहेत, त्यांचं दोन वेळचं करते, 2,700. बेरीज 9,200. ती खोटं बोलत नव्हती, तिने कधी बेरीज केलीच नव्हती. दुसरी एक 8,000 म्हणाली होती, तिची 8,700 निघाली. म्हणजे सगळ्या वाढवूनच सांगतात असंही नाही.

शिवाय उचल कापली जाते, सुट्ट्या कापल्या जातात, दिवाळीला काही घरी एक पगार जास्तीचा. तुम्ही दिवाळीनंतर विचारलंत, तर कोणी तो बोनस धरून सांगितलं असेल, कोणी न धरता. "मागच्या महिन्यात प्रत्यक्ष हातात काय आलं" आणि "ठरलेलं काय" हे वेगळं विचारा.

ओंजळ
घराघराचं विचारायला वेळ किती लागतो?

नागनदी
चार घरं असतील तर पाचेक मिनिटं. पण बाई खुलते. "पगार किती" म्हटलं की तोंड बंद होतं, "त्या पोळ्यांचे किती देतात हो" म्हटलं की अजून दोन गोष्टी सांगते. बाकी ज्या बाया रोजंदारीवरही जातात त्यांचं मात्र असं जमत नाही. तिथे रोजी किती आणि मागच्या आठवड्यात किती दिवस काम लागलं, असं विचारावं लागतं.

मोजणीदार
नागनदी, हे सोन्यासारखं आहे. घराघराचे आकडे गोलच असतात, 1,800, 2,200, पण ते खरोखर तसे ठरलेले असतात. बेरीज मात्र गोल राहत नाही.

ओंजळताई, तुम्हाला वर्षभरातली वाढ दाखवायची आहे ना, मग याच बाईवर बघा. समजा पुढच्या वर्षी चारही घरांनी 200-200 वाढवले. 9,200 चे 10,000 झाले. एकच आकडा विचारत राहिलात तर ती यंदाही "दहा" म्हणाली आणि पुढच्या वर्षीही "दहा" म्हणेल. वाढ शून्य! गटात विचारलंत तर "दहा पर्यंत" आणि "दहाच्या वर" यांपैकी कुठे पडेल ते मुलीच्या मर्जीवर. घराघराचं विचारलंत तरच 800 रुपये दिसतात. तुमच्या कामाचा सगळा पुरावा त्या 800 मध्ये आहे.

टेकडी_रोड
वस्तीत मुलगी समोर बसली असेल तर मान्य. पण धरमपेठेतल्या ऑफिसात लोकांना लिंक पाठवून फॉर्म भरून घ्यायचा असेल तर कोण घराघराची बेरीज करणार? तिथे आम्ही पगार आकड्यात विचारला तेव्हा बरेच जण तो प्रश्न सोडून द्यायचे, गट दिल्यावर भरायला लागले. हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

मोजणीदार
त्यात तुमचं बरोबर आहे, वर मी ते झटकून टाकायला नको होतं. स्वतः भरायच्या फॉर्मात, पगारासारख्या नाजूक प्रश्नाला, गट दिल्याने उत्तरं जास्त मिळतात. फक्त गटांची यादी स्वतः काहीतरी बोलत असते. 1985 मध्ये जर्मनीत श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, रोज टीव्ही किती बघता. एका यादीत पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन "अडीच तासांपेक्षा जास्त"वर संपत होते, दुसरीत "अडीच तासांपर्यंत"पासून सुरू होऊन साडेचारच्या पुढे जात होते. अडीच तासांपेक्षा जास्त बघतो म्हणणारे पहिल्या यादीत 16.2 टक्के, दुसरीत 37.5. माणूस यादीच्या मधलं ते "सगळ्यांसारखं" धरतो आणि स्वतःला त्याच्या आसपास बसवतो. तुमच्या ऑफिसातल्या यादीत शेवटचा गट "50,000 च्या वर" असेल तर 60,000 वाला बिचकेल, "3 लाखांच्या वर" असेल तर त्याला आपण गरीब वाटू.

टेकडी_रोड
म्हणूनच आम्ही गट उलटसुलट क्रमाने द्यायचो.

मोजणीदार
क्रम उलटा केला तरी मधला गट मधलाच राहतो. पण असो, तो वेगळा वाद.

ज्या 12 बायांनी कमाई सांगितलीच नाही, त्यांच्यासाठी मात्र गट जरूर ठेवा, दुसरी पायरी म्हणून. तेही कागदावर यादी दाखवून नको, बऱ्याच जणींना वाचायचा कंटाळा किंवा अडचण. तोंडी विचारा: "9,000 च्या आत की वर?" वर म्हणाली तर "11,000 च्या आत की वर?" मग 13,500. आत म्हणाली तर 7,000. हे आकडे मुद्दाम असे घेतले आहेत. 8, 10, 12, 15 हजारांवर तुमचे ढीग आहेत, त्यामुळे कडा ढिगांच्या मधल्या मोकळ्या जागेत हव्या. "10,000 च्या आत की वर" विचारलंत तर दहावाली अडखळणारच.

नागनदी
हे मला पटलं नाही. "साडेतेरा हजारांच्या आत की वर" असं कोणी बोलतं का? बाई मनातल्या मनात हसेल. 10, 15, 20 हे आकडे लोकांच्या डोक्यात आहेत, त्याच भाषेत विचारावं. दहावाली अडखळली तर "दहाच" असं लिहायला तिसरी जागा ठेवा.

मोजणीदार
"आत, दहाच, वर" अशी तिसरी जागा चालेल, पण ती खरंच ठेवावी लागेल, फॉर्ममध्ये वेगळा पर्याय म्हणून. मला अजूनही वाटतं की 9 आणि 11 बोलायला काही जड नाही. साडेतेरा जड आहे, कबूल. 14 करा.

काटोलकर
माझ्या दाखल्याचं राहूनच गेलं बाप्पा.

मोजणीदार
काटोलकर, दाखल्याला गट नसतात, आकडाच लागतो. किती दाखवायचं ते तलाठ्याकडे आणि सेतूत विचारा, आणि नॉन-क्रिमिलेयरसाठी शेतीचं उत्पन्न कसं धरतात तेही तिथेच नीट समजून घ्या. पण तुमच्यामुळे तो राहिलेला मुद्दा आठवला. जिथे मर्यादा असते, जशी नॉन-क्रिमिलेयरची 8 लाख किंवा लाडक्या बहिणीची अडीच लाख, तिथेही ढीग दिसतो, पण त्याचं रूप वेगळं असतं. गोल करण्याच्या सवयीत ढिगाच्या दोन्ही बाजूंना खड्डा पडतो, 39 आणि 41 दोन्ही रिकामे. मर्यादेच्या ढिगात अलीकडची बाजू भरलेली आणि पलीकडची एकदम ओसाड. तिथे माणूस आठवणीने नाही, हिशेबाने बोलतो. असला ढीग गट देऊन किंवा प्रसंग विचारून जात नाही.

काटोलकर
हाव, समजलं. सेतूत जाऊन पाहतो.

ओंजळ
हे वाचून मी लगेच वयात पाहिलं, कारण लाडकी बहीण 21 ते 65 आहे. आमच्याकडे 60 वर 17 बाया, 65 वर 14, 66 ते 69 मिळून फक्त 1, आणि 70 वर 5. हा कोणता ढीग म्हणायचा, गोल करायचा की मर्यादेचा?

पुढच्या फेरीसाठी आत्तापुरतं ठरवलंय ते लिहिते. उत्तर कोणी दिलं, ते आधी. वय पूर्ण वर्षांत, मग एक प्रसंग, दोन्ही लिहायचं. जुळलं नाही तर मुलीने दुरुस्त करायचं नाही, दोन्ही तसंच ठेवायचं. कमाई घराघराने, रोजंदारी वेगळी, बेरीज फॉर्म करेल. नाहीच सांगितली तर 9 च्या आत की वर. निधीवाल्यांना गट हवेतच, तर ते आम्ही अहवालात करून देऊ.

मोजणीदार
65 बद्दल या आकड्यांवरून सांगता येणार नाही. 65 गोलही आहे आणि मर्यादाही, दोन्ही एकाच जागी. 66 ते 69 मध्ये एकच बाई हे मर्यादेकडे बोट दाखवतं, पण 61 ते 64 मध्ये किती आहेत ते तुम्ही दिलं नाही. तिथेही दोन-तीनच असतील तर नुसती गोल करायची सवय असू शकते. शिवाय त्या वयात घरकाम सुटतं, त्यामुळे पुढे संख्या तशीही कमीच.

ओंजळ
61 ते 64 मिळून 6.

मोजणीदार
सहा आणि एक. एवढ्या थोड्या आकड्यांवर मी काही बोलणार नाही.

निवृत्त_गुरुजी
त्या 14 जणींकडे परत जाल तेव्हा त्यांचं वय विचारूच नका. थोरल्या लेकराचं वय विचारा, ते किती साली शाळेत गेलं ते विचारा आणि लग्नानंतर किती वर्षांनी झालं ते विचारा. एसटीचा पास काढला आहे का, तेही सहज विचारा. 65 झाल्याशिवाय अर्धं तिकीट नाही आणि 75 झाल्याशिवाय फुकट प्रवास नाही. एकच बाई एसटीत 75 ची आणि तुमच्या फॉर्मात 65 ची निघाली, तर कोणता ढीग ते कळेल.

नागनदी
गुरुजी, बायांना एसटीत तसंही अर्धं तिकीट आहे आता, वय कोण सांगतं? 75 वालं मात्र विचारण्यासारखं आहे. पण ओंजळ, हे विचारताना वही बंद ठेवा, नाहीतर त्यांना चौकशीच वाटेल.